प्रतिवादीचं नाव

शहापूरच्या दवाखान्यात मी सुईण म्हणून लागले तेव्हा लढाई सुरू झालेली होती. माझं लग्न लहानपणीच झालं आणि लहानपणीच संपलं. पुढे थोरल्या भावाने हिंमत करून मला पुण्याला शिकायला ठेवलं, तिथे सुईणपणाची परीक्षा दिली आणि जिल्हा लोकल बोर्डाने मला शहापूरला पाठवलं. दवाखान्यामागे एक खोली मिळाली होती. पुढे ओटा, मागे विहीर. गावातल्या बायका बाळंतपणाला मला आदराने न्यायच्या, तिसऱ्या दिवशी विचारपूसही करायच्या, पण हळदीकुंकवाला बोलवायच्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नसे असं नाही. सवय झाली होती इतकंच. कामाला मात्र कमतरता नव्हती. सापगावपासून खर्डीपलीकडच्या पाड्यांपर्यंत कुठूनही माणूस यायचा, ओट्याखाली उभा राहून "बाय" म्हणून हाक मारायचा, आणि मी पेटी उचलून त्याच्यामागून निघायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी परतीच्या पावसाने झोडपलं होतं. भात कापणीला आलेलं, शेतांत आडवं झालं होतं. आटगावच्या पुढे, खर्डीच्या बाजूला एका पाड्यावर मी आदल्या संध्याकाळी गेले होते. पहिलटकरीण होती. पहाटे मुलगा झाला, आई नीट होती, आणि मी उजाडता उजाडता आग्रा रोडला लागले. आटगाव स्टेशनवर गाडी धरून आसनगावला उतरायचं आणि घरी जाऊन आंघोळ करून झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

रस्त्यावर मला तारेच्या कामावरचा एक कुली भेटला. तो त्याच भागातल्या ठाकरवाडीतला. आदल्या वर्षी त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं, म्हणून ओळख. खांद्यावर तारेचं भेंडोळं, कमरेला कोयता. वादळाने तारा तुटल्या होत्या आणि आटगावला मिस्त्रीला जाऊन मिळायचं होतं.

"पोर कशी आहे रे तुझी?" मी विचारलं.

"धावते आता," तो म्हणाला. "हाती लागत नाय."

तो माझ्याबरोबर सरळ चालत नव्हता. दर खांबापाशी थांबायचा, वर बघायचा, मग झपाझप येऊन मला गाठायचा. एके ठिकाणी ऐनाची फांदी तारेवर लोंबत होती. ती त्याने कोयत्याने तोडली, ओढून रस्त्याच्या कडेला टाकली. मी थांबले तोवर. मला एकटीने चालायचा कंटाळा आला होता आणि बरोबर कुणीतरी बोलणारं होतं.

"मिस्त्री बोलला, येता येता बघत ये," तो हात पुसत म्हणाला. "आता निगू बाय."

आम्ही रस्त्याच्या डाव्या कडेने चाललो होतो. मागून लॉरीचा आवाज आला. त्या दिवसांत लष्करी लॉऱ्यांची वर्दळ फार, त्यामुळे मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, फक्त कडेला सरकले. त्याने "बाय" एवढंच म्हटलं. मग एक धक्का बसला, आणि मी चिखलात पडलेली होते.

दुखायला लागलं नव्हतं अजून. मान वळवली तर लॉरी पुढे गेलेली दिसली. ताडपत्रीने झाकलेली. मागच्या बाजूला एक लोखंडी उभं पिंप होतं आणि त्याच्या खालच्या दारातून लालसर निखारा दिसत होता. ती थोडी पुढे जाऊन थांबली. हे मला इतकं स्पष्ट आठवतं की पुढे अनेकांनी विचारलं तेव्हा मी एकदाही अडखळले नाही. ती थांबली. इंजिन चालूच होतं. मला वाटलं, आता दार उघडेल, कुणीतरी उतरेल. मी हाकसुद्धा मारली नाही, कारण कुणी येणार याबद्दल मला शंकाच नव्हती. मग गाडीने गिअर टाकला आणि ती आटगावच्या दिशेने निघून गेली. नंबरच्या पाटीवर चिखल होता. कुणाचं तोंड दिसलं नाही.

कुली माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला उठता येईना. डावी मांडी वेडीवाकडी पडली होती, ते पाहूनच मला हाड मोडल्याचं कळलं. कोपरांवर सरकत मी त्याचं मनगट धरलं. नाडी धाग्यासारखी लागत होती, पोट घट्ट झालं होतं. आत रक्त चाललंय हे मला समजत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. माझी पेटी कुठे उडाली होती कोण जाणे. तो शुद्धीवर होता.

"लॉरी गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

पुढे तो बोलला नाही. मी त्याच्याशी बोलत राहिले, त्याच्या पोरीबद्दल, कसली फांदी होती त्याबद्दल, काहीतरी. नाडी केव्हा थांबली ते माझ्या बोटांना कळलं, तरी मी हात सोडला नाही. रस्त्यावर कुणीही नव्हतं. ऊन वर आलं, भातावरून वाफ निघायला लागली, आणि मी त्या मेलेल्या माणसाचा हात धरून पडले होते. माझ्या आयुष्यात एकटेपणाचे दिवस पुष्कळ आले, पण त्या सकाळइतकी एकटी मी पुन्हा झाले नाही.

गवताची गाडी घेऊन जाणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हाला पाहिलं. त्याने गवत उतरवलं, मला गाडीत घातलं, कुलीपाशी आपल्या भावाला बसवलं आणि पोलीस पाटलाला वर्दी द्यायला माणूस पिटाळला. आटगावहून मला गार्डच्या डब्यात ठाण्याला नेलं. पोस्टाच्या तारा तर तुटलेल्याच होत्या. फौजदारांनी रेल्वेच्या तारेवरून कल्याणला कळवलं, पण तोवर दुपार झाली होती. कल्याणच्या पलीकडे गेलेली लॉरी म्हणजे समुद्रात टाकलेला खडा.

ठाण्याच्या सरकारी इस्पितळात पायाला वजन बांधून मी कित्येक आठवडे उताणी पडून होते. छताच्या वाशांकडे बघत. परिचारिका माझ्याशी चांगल्या वागत, कारण मी त्यांच्यातली होते. भाऊ दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला वहिनीचा निरोप होता, की घर लहान आहे, पोरं आहेत, तरी तुला ठेवू. त्या "तरी" वर मी बराच विचार केला आणि त्याला सांगितलं, मी शहापूरलाच जाईन.

फौजदार स्वतः जबाब घ्यायला आले. उंच, थकलेले गृहस्थ होते. बरोबर हवालदार लिहून घ्यायला.

"गाडीचा रंग?"

"ताडपत्री होती. खालचा रंग हिरवट वाटला. नक्की नाही सांगता येत."

"लष्करी होती का?"

"मागे कोळशाचं पिंप होतं."

त्यांनी हवालदाराकडे पाहिलं. पेट्रोलवर रेशन आल्यापासून खाजगी लॉऱ्या आणि उतारूंच्या सर्व्हिस मोटारी अशी पिंपं लावून फिरत. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर गाडी चालवायची. लष्कराला पेट्रोलची वानवा नव्हती.

"मग लष्करी नव्हे," ते म्हणाले. "पाहिलंत हे नक्की?"

"निखारा दिसला."

"पंचनाम्यात दिव्याच्या काचेचे तुकडे मिळालेत. फुटल्या दिव्याची गाडी शोधतोय. पण नाशिकपासून मुंबईपर्यंत फुटल्या दिव्याच्या गाड्या शंभर असतील. थांबायला हवं होतं त्याने. जखमीला इस्पितळात न्यायचं, ठाण्यावर वर्दी द्यायची, असा कायदा झालाय. तोही गुन्हाच आहे."

"तो थांबला होता," मी म्हटलं.

"कुठे?"

"पुढे. मग गेला."

हवालदाराने तेही लिहून घेतलं.

शहापूरला परतले ती काठी घेऊन. हाड जुळलं होतं, पण पाय आखूड झाला होता. डॉक्टरांनी दवाखान्यातली कामं मला दिली, पाड्यांवर जायला बोर्डाने दुसरी बाई पाठवली. लोक ओट्याखाली येऊन आता तिला हाक मारत. मी खोलीत बसून ती हाक ऐकायची.

डॉक्टरांनीच एका वकिलांकडे जायला सुचवलं. ते गावातले जुने वकील, शहापूर आणि मुरबाडच्या कोर्टांत जायचे. त्यांच्या ओसरीवर एक तक्तपोस होतं, त्यावर त्यांनी मला पाय लांब करून बसायला सांगितलं. बाईमाणसाला असं कुणी सहसा सांगत नसे. मला ते बरं वाटलं.

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान झालं, दोष समोरच्याचा, हे मला पटतं. कोर्टालाही पटेल. पण दावा लावायचा कुणावर? अर्जीत प्रतिवादी लागतो. त्याचं नाव, बापाचं नाव, धंदा, राहणार कुठला. समन्स कुठे बजावायचं?"

"ड्रायव्हर नाही सापडला तर गाडीच्या मालकावर?"

"मालकावर लावता येतो. नोकराच्या कामातल्या चुकीला मालक जबाबदार. पण मालक शोधायचा तर गाडी सापडायला हवी. गाडी नाही, तर ड्रायव्हर नाही, आणि मालकही नाही."

"आणि विमा?"

"मोटारीचा विमा सक्तीचा करायचं कलम कायद्यात आलंय, पण ते अजून अंमलात आलेलं नाही. आलं असतं तरी कुठल्या गाडीचा विमा म्हणून कंपनीला विचारणार?" त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला, पण उघडला नाही. "एक मार्ग होता. गाडी लष्कराची असती तर वर अर्ज करता आला असता. देणं न देणं त्यांच्या मर्जीवर, पण कधी कधी देतात. लोक म्हणतात, त्या वेळी रस्त्यावर लष्कराच्याच गाड्या होत्या."

मला त्यांचं म्हणणं कळलं. ते खोटं बोला असं म्हणत नव्हते. ते फक्त दार दाखवून बाजूला उभे राहिले होते.

"मी कोळशाचं पिंप पाहिलं," मी म्हटलं. "जबाबात तसं दिलंय."

"हो. मग ते दारही बंद." त्यांनी पानाचा डबा परत मागे सरकवला. "राहिलं बोर्ड. तुम्ही कामावरून परतत होता. कामगारांना कामावर इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची असा कायदा आहे. तिथे दोष कुणाचा हे बघत नाहीत, धडकवणारा सापडला का हेही बघत नाहीत. पण त्या कायद्याला कामांची यादी जोडलेली आहे. गिरणी, खाण, रेल्वे, गोदी, तसली कामं. सुईण त्यात नाही. डॉक्टर बोलले तेव्हा, काल, मी पुन्हा पाहून घेतलं."

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "तो तुमच्याबरोबरचा माणूस, तो काय काम करायचा म्हणालात?"

"तारेवर कुली होता."

"तारेचे खांब, तारा लावणं, दुरुस्त करणं," ते हळूच म्हणाले. "ते आहे यादीत."

मी ओसरीच्या पायरीवर तशीच उभी राहिले. त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. आम्ही दोघं एका रस्त्याने चाललो होतो, एकाच गाडीने आम्हाला उडवलं होतं. त्याच्या माणसांना वाट होती, मला नव्हती. हेवा वाटला. मग लगेच आठवलं की तो मेलेला आहे.

त्याच्या बायकोला निरोप धाडला. ती पोरीला कडेवर घेऊन आली. आमची गाठ पडली ती अपघातानंतर पहिल्यांदाच. ती माझ्या काठीकडे बघत राहिली, मी तिच्या मोकळ्या कपाळाकडे.

"बाय, त्या टायमाला तुमी होत्या," ती म्हणाली. "तो काय बोलला?"

"लॉरी गेली का म्हणून विचारलं."

"आनखी?"

"आणखी काही नाही. पण मी त्याच्यापाशीच होते. एकटा नव्हता तो."

ती मान हलवून बसली. पोर ओट्यावरून उतरून अंगणात पळाली. खरंच हाती लागत नव्हती.

वकिलांनी तिच्या वतीने नोटीस दिली, मुदतीत अर्ज घातला. तार खात्याकडून उत्तर आलं ते वकिलांनी मला समजावून सांगितलं. तो कुली आपल्या नोकरीत होता, हे खात्याला मान्य होतं. मात्र त्याची हजेरी आटगावला लागायची होती आणि अपघात त्याआधी वाटेत झाला. कामावर जात असताना झालेला अपघात हा कामावरचा अपघात नव्हे, असं त्यांचं म्हणणं. "यात लबाडी नाही," वकील म्हणाले. "कायद्याचा मुद्दा आहे. घरातून पाऊल बाहेर टाकलं म्हणजे काम सुरू झालं असं होत नाही. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. नुसतं पाहिलं तेवढं."

ठाण्याला गेलो तेव्हा आम्ही तिघी एका बाकावर बसलो होतो. ती, पोर आणि मी. भरपाईच्या अर्जांचं काम बघणारे अधिकारी टेबलामागे, त्यांच्यासमोर खात्याचे वकील. मिस्त्रीची जबानी आधी झाली. तो मला बघून ओशाळला. "येता येता तारा बघत या, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो," तो म्हणाला. "त्याला मुद्दाम सांगितलं होतं का?" असं विचारल्यावर म्हणाला, "सांगितलं असणार. आता नक्की आठवत नाही."

मग माझी पाळी. मला बसून बोलायची परवानगी दिली.

"तुम्ही त्याच्याबरोबर किती चाललात?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"बरंच. पण तो सारखा थांबत होता."

"कशासाठी?"

"प्रत्येक खांबापाशी वर बघायचा. एका ठिकाणी तारेवर फांदी पडली होती, ती त्याने तोडली आणि बाजूला टाकली."

खात्याचे वकील उठले. "रस्त्यात अडचण होती म्हणून तोडली असेल. कुणीही तोडेल."

"फांदी रस्त्यात नव्हती, तारेवर होती. रस्ता मोकळा होता. आणि मिस्त्रींनी बघत ये म्हणून सांगितलंय, असं तो तेव्हाच मला म्हणाला."

"त्याच्या खांद्यावर काय होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तारेचं भेंडोळं."

ते पंचनाम्यातही होतं. अधिकाऱ्यांनी पानं उलटून पाहिलं आणि मान हलवली. मग त्यांनी मला सहज विचारलं, "तुमचंही नुकसान झालेलं दिसतंय. तुमचं काय झालं?"

"गाडीवाला सापडला नाही," मी म्हटलं.

"आपण नोकरीत कुठे?"

"बोर्डाच्या दवाखान्यात. सुईण."

त्यांनी पुढ्यातले कागद सारखे केले आणि "बसा" म्हणाले. मी आधीच बसलेली होते.

निकाल तिच्या बाजूने लागला. तारा बघत चालणं हेच त्याचं काम होतं आणि ते वाटेतच सुरू झालं होतं, असं त्यांनी ठरवलं. खात्याने रक्कम अधिकाऱ्यांकडे भरली, थेट तिच्या हातात नाही, कायद्याने तसं देताच येत नाही. पोर लहान म्हणून काही भाग बाजूला ठेवून बाकीचा तिला थोडा थोडा मिळायची व्यवस्था झाली. बाहेर आल्यावर तिने वकिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग माझ्याकडे आली. पाया पडायला वाकली तर मी तिला धरलं, आणि मला तोल सांभाळता येईना म्हणून ती मला धरून उभी राहिली. अशा आम्ही ठाण्याच्या त्या आवारात काही वेळ उभ्या होतो.

"तुमाला काय मिललं बाय?" गाडीत बसल्यावर तिने विचारलं.

"मला नाही मिळायचं."

"का म्हून?"

तिला यादीबद्दल कसं सांगायचं ते मला कळेना. "माझा माणूस सापडला नाही," मी म्हटलं.

"माजाबी नाय सापडला," ती म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघू लागले. ती बरोबर बोलत होती. तिला खात्याने दिलं होतं. ज्याने दिलं पाहिजे होतं त्याने तिलाही काही दिलं नव्हतं.

त्यानंतर काही महिन्यांनी फौजदारांनी मला शहापूरच्या पोलीस ठाण्यावर बोलावलं. खुर्ची दिली. "मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ए समरी दिली," ते म्हणाले. मला ते शब्द कळले नाहीत, म्हणून त्यांनी फोड करून सांगितली. "म्हणजे गुन्हा झाला हे खरं, पण करणारा सापडत नाही. तपास बंद. पुढेमागे धागा लागला तर पुन्हा उघडता येतो. बी समरी असती तर फिर्यादच खोटी ठरली असती. तुमच्या बाबतीत तसं नाही."

"म्हणजे मी खरी ठरले."

"हो," ते म्हणाले. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. "आम्ही गॅरेजं पाहिली. कल्याणला, भिवंडीला. दोन गाड्यांवर संशय होता, पण पुरावा जुळला नाही. मला वाईट वाटतं, बाई."

त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी त्यांना नमस्कार करून बाहेर आले. मला राग यावा असं कुणीच समोर नव्हतं. फौजदार भले, वकील भले, डॉक्टर भले, साहेबही भले. रागाला एक तोंड लागतं. मला ते तोंड कधी मिळालं नाही. बाजारात लॉरी उभी दिसली की मी ड्रायव्हरकडे बघायची. कुणी तरुण असे, कुणी म्हातारा, कुणी चहा फुंकत बसलेला. त्यातला कुणीही असू शकत होता. रात्री मला त्याचं थांबणं आठवे. तो त्या वेळात काय विचार करत होता? आरशात बघत होता का? उतरायला निघाला होता आणि शेजारच्याने हात धरला? माझ्या मनात त्याच्याशी जितकं बोलणं झालं असेल तितकं मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशीही बोलले नाही.

दोन पावसाळ्यांनंतर माझी मुरबाडला बदली झाली. मीच मागून घेतली. मुरबाडच्या दवाखान्यात बायका स्वतः येत, मला फिरावं लागत नसे. तिथली खोली मोठी होती, बाजूला बेलाचं झाड. गावात मला सगळे लंगडी नर्स म्हणत, पाठीमागे आणि कधी कधी तोंडावरसुद्धा, पण त्यात वाईट भाव नसायचा. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की मी दार लोटून घ्यायची, भात टाकायची, आणि जेवून झोपायची. भावाची पत्रं येत. सुरुवातीला लांब, मग आखूड.

लढाई संपली. विम्याचं ते कलम लागू झालं. एकदा तारखेला मुरबाडला आलेले ते वकील दवाखान्यात डोकावले आणि त्यांनीच ते सांगितलं. "आता प्रत्येक गाडीला विमा," ते म्हणाले.

"आणि गाडी सापडलीच नाही तर?"

ते हसले नाहीत. "तर तुमच्यासारखंच," म्हणाले.

त्यासाठी कायदा व्हायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. पळून गेलेल्या गाडीने ज्यांना उडवलं त्यांच्यासाठी सरकारने निधी काढलाय, असं मी अगदी अलीकडे, म्हातारपणी ऐकलं. थोडं का होईना, मिळतं म्हणे. ऐकून बरं वाटलं. त्यातला माझ्याजोगा भाग पैशाचा नव्हता. अशी माणसं असतात, हे कुणीतरी लिहून ठेवलं, त्याचं बरं वाटलं.

कुलीची बायको मधल्या काळात आपल्या माहेरी, सरळगावच्या बाजूला येऊन राहिली होती. तिने पुन्हा घर मांडलं होतं. पोरीला देवी टोचायला ती दवाखान्यात आली. मी तिला खोलीत नेलं, चहा दिला. पोर आता लाजत होती, आईच्या पदराआड उभी राहत होती. आम्ही फार बोललो नाही. तिचा नवरा बाहेर बैलगाडीपाशी थांबला होता. जाताना तिने शेवग्याच्या शेंगांची जुडी माझ्या ओट्यावर ठेवली. त्यानंतर ती आली नाही, किंवा आली असेल तर मी नसताना.

स्वातंत्र्य मिळाल्यावर एकदा बोर्डाच्या कामासाठी मला शहापूरला जावं लागलं. काम लवकर आटपलं. मुरबाडची मोटार सुटायला वेळ होता, म्हणून मी पोलीस ठाण्याकडे वळले. का, ते मला सांगता येणार नाही. जुने फौजदार बदलून गेले होते. नवे तरुण होते, मला कुणीतरी तक्रार घेऊन आलेली समजून त्यांनी वही पुढे ओढली.

"जुन्या अपघाताचं विचारायला आले," मी म्हटलं. वर्ष सांगितलं, जागा सांगितली.

त्यांनी जमादाराला विचारलं. जमादाराने आत जाऊन पाहिलं आणि परत येऊन सांगितलं, की तेवढे जुने कागद आता ठेवत नाहीत.

"काही नवीन कळलंय का तुम्हाला?" फौजदारांनी विचारलं. "म्हणजे गाडीबद्दल?"

"नाही. तुम्हाला कळलंय का, ते बघायला आले होते."

ते जरा गोंधळले. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला. ते आपल्या कामाला लागले, आणि मी त्यांच्या टेबलासमोर, कपबशी मांडीवर धरून, चहा संपेपर्यंत बसले. बाहेर पडताना त्यांनी हवालदाराला सांगितलं, "बाईंना मोटारीपर्यंत पोचवा."

हवालदार माझ्या चालीने, हळूहळू, शेजारून चालत आला. स्टँडवर मोटार लागलेली होती. त्याने मला हात देऊन वर चढवलं, खिडकीपाशी जागा करून दिली आणि निघून गेला. मोटार सुटेपर्यंत मी खिडकीतून आग्रा रोडच्या दिशेने बघत होते. किन्हवलीला पुढची जागा रिकामी झाली, तिथे मी उठून बसले. तिथून मुरबाड येईपर्यंत मला ड्रायव्हरची पाठ दिसत राहिली.